दर मध्येच वाढला, खाडेही झाले: दूध लिटरला नेमकं कितीला पडलं?

प्रश्न: रत्नागिरीत राहतो. रोज पिशवीचं दीड लिटर दूध घरपोच येतं. १६ जुलैपासून लिटरचा दर ६० वरून ६४ झाला. ३ ते ७ आम्ही मुंबईला होतो आणि २२-२३ ला दूध आलंच नाही. घरपोचचे महिन्याला ७५ रुपये वेगळे. बिल २,३३१ आलं. जूनचं २,७७५ होतं, म्हणजे दर वाढूनही कमीच! हे बिल बरोबर आहे का, आणि दूध खरं कितीला पडलं?

उत्तर:

बिलात १२ रुपये जास्त लागलेत. रक्कम किरकोळ आहे, पण ती कुठून आली हे कळलं की बाकीचा हिशेब आपोआप सुटतो.

कॉलेजात असताना तीन वर्षं मी काकांच्या दुधाच्या रतिबाची वही लिहायचो. ऐंशीएक घरं होती. प्रत्येक घराला एक आडवी ओळ आणि एकतीस चौकटी. दूध टाकलं की चौकटीत लिटर लिहायचे, खाडा असला की शून्य. ज्या तारखेपासून दर वाढेल त्या तारखेआधी काका लाल पेनाने वहीच्या पानावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारायचे. रेघेच्या डावीकडचं सगळं जुन्या दराने, उजवीकडचं नव्या दराने. हिशेबाची युक्ती एवढीच होती. तुमच्या कॅलेंडरवर १५ आणि १६ च्या मध्ये तशीच रेघ मारा.

डावीकडे पंधरा दिवस. त्यातले ३ ते ७ हे पाच खाडे वजा जाता दूध आलं दहा दिवस. दीड लिटरचे ६० च्या दराने रोजचे ९०, म्हणून ९०० रुपये. उजवीकडे सोळा दिवस, दोन खाडे, म्हणजे चौदा दिवस दूध. ६४ च्या दराने रोजचे ९६, म्हणून १,३४४. दोन्ही मिळून २,२४४, वर घरपोचचे ७५. झाले २,३१९.

मग २,३३१ कसे आले? माझ्या अंदाजाने दूधवाल्याने आधी पूर्ण महिन्याचं दूध धरलं: पंधरा दिवसांचे १,३५० आणि सोळा दिवसांचे १,५३६, एकूण २,८८६. मग सात खाडे सरसकट ९० रुपयांनी, म्हणजे ६३० वजा केले. उरले २,२५६, त्यात ७५ मिळवले की बरोबर २,३३१. पण २२ आणि २३ चं दूध त्याने आधी ९६ नी धरलंय, ते वजा करताना ९० नी करून चालणार नाही. दोन दिवसांचे सहा-सहा रुपये राहिले, तेच हे १२.

ही चूक मुद्दाम केलेली असेलच असं नाही. मीही केली होती. एका निवृत्त गुरुजींच्या घरी बिल घेऊन गेलो, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “अरे, जे दूध मला नव्या भावाने लावतोस, ते न आल्यावर जुन्या भावाने कसं काढतोस?” ओटीवर त्यांचा नातू हसत उभा होता, ते अजून आठवतं. खाड्याला तारीख असते आणि त्या तारखेला जो दर, तोच खाड्याचा दर.

उलटी चूकही होते, आणि तेव्हा गिऱ्हाईक गप्प बसतं! सातही खाडे नव्या दराने वजा केले असते तर दुधाचे फक्त २,२१४ झाले असते आणि दूधवाल्याचे ३० रुपये गेले असते. सात दिवस सगळे जुन्या दराने काढा किंवा सगळे नव्या दराने, दोन्हींतला फरक ४२ रुपये. साडेदहा लिटर गुणिले लिटरमागची ४ रुपये वाढ. खाड्याच्या दरावरून तुमच्यात वाद झालाच, तर तो याहून मोठा होऊ शकत नाही.

काही जण सोपं म्हणून दोन्ही दरांची सरासरी काढतात: ६० आणि ६४, मध्ये ६२. तुमचं दूध एकूण ३६ लिटर, म्हणून २,२३२. हेही चुकतं, कारण जुन्या दराचं दूध १५ लिटर आलं आणि नव्या दराचं २१. जिकडे लिटर जास्त, तिकडे सरासरी झुकणार. २,२४४ ला ३६ ने भागलं की ६२.३३ येतात, नुसत्या दुधाचा खरा सरासरी दर तो. मुंबईला तुम्ही १६ तारखेनंतर गेला असतात तर हाच आकडा ६२ च्या खाली आला असता, दर तेच आणि खाडेही तेवढेच असून.

आता घरपोचचे ७५. ते खाड्याने कमी होत नाहीत, म्हणून दूध जितकं कमी येईल तितका त्यांचा भार प्रत्येक लिटरवर वाढतो. तुमच्या ३६ लिटरवर तो लिटरमागे २ रुपये ८ पैसे पडला. पूर्ण महिना दूध आलं असतं तर साडेसेहेचाळीस लिटरवर १ रुपया ६१ पैसे पडला असता. तर २,३१९ भागिले ३६, म्हणजे ६४ रुपये ४२ पैसे लिटर. अर्धा महिना जुना दर असूनही तुम्हाला दूध नव्या छापील दरापेक्षा किंचित महागच पडलं. तुम्ही गावाला होतात त्या दिवसांसाठी घरपोचचे पैसे कमी करा म्हणणं मला पटत नाही, त्याची गाडी तुमच्या गल्लीत आलीच होती. २२-२३ चं मात्र विचारून बघायला हरकत नाही, तो खाडा त्याच्याकडून झाला.

त्या दोन दिवसांबद्दल एक. पावसाळ्यात आपल्याकडचं कोल्हापूरकडून येणारं दूध आंबा घाटावर अवलंबून. दरड आली की पहाटेची गाडी वर अडकते आणि आपण दुकानात जो मिळेल तो डबा उचलतो. तुम्ही त्या दोन दिवशी ७० च्या दराने एकेक लिटर आणलं असं धरलं, तर ते १४० रुपये दूधवाल्याच्या बिलात येणार नाहीत, पण घरखर्चात येतील. मग ३८ लिटरचे २,४५९, म्हणजे लिटरला ६४.७१. दूधवाल्याशी बोलताना पहिला आकडा घ्या, घरात बोलताना दुसरा. दोन्ही एकत्र केले की भांडण ठरलेलं.

बिल जूनपेक्षा कमी आलं, त्यात फार अर्थ नाही. जूनमध्ये तुम्ही ४५ लिटर घेतलं, जुलैत ३६. लिटरवर आणलं तर जून ६१.६७ आणि जुलै ६४.४२. वाढ झालीच आहे, खाड्यांनी ती झाकली इतकंच. तिचा चटका ऑगस्टच्या बिलाला बसेल: एकतीस दिवस ९६ नी २,९७६, वर ७५, एकूण ३,०५१. जूनपेक्षा २७६ जास्त. त्यातले ९६ एका जास्तीच्या दिवसाचे, दरवाढीचे १८०. पुढच्या महिन्याला पैसे बाजूला काढताना जुलैचं बिल समोर धरू नका.

बिल फेडण्याआधी एक गोष्ट बघा, १६ तारखेच्या पिशव्या ठेवल्या असतील तर. दर बदलतो त्या दिवशी गाडीत आदल्या दिवशी भरलेल्या, जुनी किंमत छापलेल्या पिशव्या असू शकतात. पिशवीवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त दर दुधाला लावता येत नाही, घरपोचचा आकार वेगळा दाखवून घेता येतो. त्या दिवशी तुमच्या तिन्ही अर्ध्या लिटरच्या पिशव्यांवर ३० छापलेले असतील तर तुमची लाल रेघ १६ आणि १७ च्या मध्ये सरकते आणि आणखी ६ रुपये सुटतात. शिवाय एक लिटरची पिशवी दरवेळी अर्ध्या लिटरच्या दुप्पट किमतीची नसते, तेव्हा लिटरच्या दराने नाही, पिशवीवरच्या किमतीने गुणा. सुट्या दुधाला छापील काही नसतं, तिथे दर कधीपासून हे तोंडी ठरलेलं असतं. ती तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

मोबाइलवर शीट वापरत असाल तर पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात त्या दिवशी आलेले लिटर (खाडा असेल तर ०), तिसऱ्यात त्या दिवसाचा दर. ३१ दिवसांच्या महिन्यात घरपोचसकट लिटरचा दर असा निघतो:

```
=(SUMPRODUCT(B2:B32,C2:C32)+75)/SUM(B2:B32)
```

दिवस न मोजता लिटर लिहिण्याचा फायदा गणपतीत कळतो. चाकरमानी आले की दीडचे चार लिटर होतात, दोन दिवस साडेचार, मग एक दिवस अचानक दोन. तिथे ‘इतके दिवस गुणिले इतके रुपये’ हा हिशेब कोलमडतो. चौकटीत लिटर लिहिलेले असले की काहीच बदलत नाही, बेरीजच करायची असते.

खाडा कळवण्याची वेळही विचारून घ्या. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी सातपर्यंत निरोप आला नाही तर काका खाडा धरत नसत, कारण गाडीतला माल तोवर सांगून झालेला असायचा. तुमच्या ३ ते ७ मधल्या पहिल्याच दिवशी असं काही झालं असेल तर खाडे चारच धरले जातील आणि बिल ९० नी वाढेल. तुमच्या बिलात तसं झालेलं नाही, सातही खाडे मान्य आहेत, म्हणजे माणूस सरळ आहे. दारात उभं राहून गुणाकार मांडू नका. कॅलेंडरचा फोटो त्याला पाठवा आणि एवढंच म्हणा की २२-२३ नव्या दराने वजा करायचे राहिलेत. बारा रुपये तो पुढच्या बिलात वळते करेल.