बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पर्याय कसे तपासावेत?

शिक्षकांनी काढलेले बहुपर्यायी प्रश्न तपासायचे आहेत. चुकीचे पर्याय नीट आहेत की नुसती भरती, हे कसं ओळखू?

आधी पर्याय झाकून नुसता प्रश्न वाचा. ‘अपूर्णांकांबद्दल योग्य विधान कोणते?’ याला उत्तरच सुचत नाही, तो परत पाठवा. ‘१/२ + १/३ = किती?’ हा चालेल.

मग प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांची कोणती चूक आहे, ते शिक्षकांना विचारा. २/५ म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवला. २/६ म्हणजे छेद समान केला, पण अंश तसेच ठेवले. ७९ मागे काहीच नाही. त्यापेक्षा तीनच पर्याय बरे. ५/६ सोबत १०/१२ असेल तर दोन्ही बरोबर ठरतात. तिथे प्रश्नातच ‘अतिसंक्षिप्त रूपात’ लिहा, नाहीतर १०/१२ काढा.