दोन फऱ्यांच्या मधलं दुखणं
«रोज बाईकने हिंजवडीला जातो. पाठीत खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधे दुखतं. मणका, स्नायू, ॲसिडिटी की हार्ट?»

बोटाने दाबल्यावर किंवा हात खांद्यातून फिरवल्यावर नेमकं तेच दुखणं उठलं, तर बहुधा स्नायू. मान वाकवल्यावर कळ दंडात उतरून बोटांना मुंग्या आल्या, तर मानेचा मणका. मिसळ चापून आडवं झाल्यावर जळजळीसकट दुखलं, तर अन्ननलिका. पण अँटासिडने बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं असं धरू नका. पर्वती चढताना येतं आणि थांबल्यावर काही मिनिटांत जातं, तर आजच फिजिशियन गाठा. बसल्या जागी काढलेला ईसीजी अशा वेळी नॉर्मलही येतो. घाम, धाप किंवा फाडल्यासारखी अचानक कळ आली, तर बाईक काढू नका, 108 लावा.