कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, रक्त काढतात

प्रश्न: गावरान कोंबड्या, 14 आठवड्यांच्या, 200 नग, शेड 250 चौरस फूट. शेपटीची पिसं उपटतात, काल एक मेली. चोच कापू का?

उत्तर: आधी जखमी पक्षी आजच वेगळे काढा आणि जखमेला जेन्शियन व्हायोलेट लावा. लाल रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात, जांभळ्या रंगात ते लपतं.

मूळ कारण बहुधा गर्दी. या वयाला पक्ष्यामागे दीड चौरस फूट आणि अंड्यावर आल्यावर दोन फूट जागा लागते, म्हणजे आत्ताच 30-35 पक्षी जास्त आहेत. तेवढे विका किंवा हलवा. खाद्यात मीठ आणि मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडलं तरी पिसं खाल्ली जातात, तेव्हा घरी भरडा बनवत असाल तर तो तपासा.

बसायला दांड्या लावा: पक्ष्यामागे 15 सेंटीमीटर, म्हणजे एकूण सुमारे 100 फूट बांबू. उंची अडीच-तीन फूट ठेवा. फूटभर उंचीच्या दांडीवर बसलेल्या कोंबडीची शेपूट खालचीच्या चोचीसमोर येते, मग दांडीमुळे टोचणं उलट वाढतं.

उन्हाचे कवडसे गोणपाटाने अडवा, बल्ब मंद करा.

चोच कापणं शेवटचा उपाय. ते साधारण 7 ते 10 दिवसांच्या पिल्लांत, तापलेल्या पात्याच्या यंत्राने करतात. वरच्या चोचीचा एक तृतीयांशच भाग काढतात. 14 आठवड्यांच्या वयात दुखणं जास्त, खाणं घटतं. वरील बदलांनंतरही रक्त थांबलं नाही तरच पशुवैद्यकाकडून करून घ्या, कात्रीने घरी नको.