ऑर्डर घ्या, पण पैसे स्वतःच्या खात्यात घ्या

'मी नाशिकला घरी हातभरतकामाचे रुमाल, टेबलक्लॉथ करून विकते. महिन्याला ३० हजारांची विक्री होते, पैसे यजमानांच्या खात्यात येतात. बंगळुरूहून ऑर्डर आली, तर हे म्हणतात, नको, टॅक्स आणि जीएसटी मागे लागेल. मुलगी बारावीला आहे. तिने सीए व्हावं, म्हणजे हिशोब घरीच होईल, असा त्यांचा हट्ट आहे. तिला टेक्स्टाइल डिझाइन करायचंय. काय करावं?'

ताई, मुलीच्या शाखेपेक्षा मला तुमच्या पैशांची जास्त काळजी वाटली. कष्ट तुमचे, खातं त्यांचं! उद्या विचारणा झाली, तर ही रक्कम तुमची कमाई आहे हे पटवून देणं त्यांनाच जड जाईल. त्यांच्या उत्पन्नात धरली गेली, तर त्यांच्या दराने कर बसेल. तुमचं पॅनकार्ड काढा, बचत खातं उघडा, त्याचाच क्यूआर कोड गिऱ्हाइकाला पाठवा. सूत, कापड आणि कुरिअरच्या पावत्या एका फाइलीत ठेवा.

घरात जो गोंधळ झालाय तो असा: आयकर नफ्यावर असतो, जीएसटीची मर्यादा मात्र विक्रीवर मोजतात. तुमची वर्षाची विक्री ३,६०,००० रुपये. त्यातून सामान आणि कुरिअरचे समजा १,५०,००० गेले, तर नफा उरतो २,१०,०००. दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीतल्या ४ लाखांच्या मर्यादेखाली तुम्ही आहात, कर शून्य. एकूण उत्पन्न ४ लाखांवर गेलं, की रिटर्न भरावंच लागतं, मग १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य येत असला तरी.

राज्यातल्या राज्यात माल विकताना जीएसटी नोंदणी ४० लाखांच्या विक्रीनंतर लागते. परराज्यात माल पाठवला, की एरवी पहिल्या रुपयापासून लागते. यजमानांची भीती इथूनच आली असावी. पण हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना २०१७पासून २० लाखांपर्यंत सूट आहे आणि हातभरतकाम त्या यादीत आहे. त्यासाठी पॅन हवं आणि पार्सलसोबत ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन काढलेलं बिल हवं, मग रक्कम लहान का असेना. नोंदणी नसलेल्यांनाही ते ई-वे बिलच्या सरकारी पोर्टलवर काढता येतं. मात्र हाच रुमाल ऑनलाइन बाजाराच्या साइटवरून बंगळुरूला गेला, तर ही सूट नाही, नोंदणी करावीच लागेल. नोंदणीशिवाय त्या साइटवर फक्त महाराष्ट्रात विकता येतं, तेही जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर घेऊन. तुमची ऑर्डर थेट फोनवर आली असेल, तर बिनधास्त घ्या.

आता मुलगी. सीएची वाट फाउंडेशन परीक्षेपासून सुरू होते, आणि ती वर्षानुवर्षांची मेहनत आवडीशिवाय निभत नाही. वर्षाला दोन-तीन हजार घेऊन एखादा कर सल्लागार तुमचं रिटर्न भरून देईल. तेवढ्यासाठी मुलीचं करिअर पणाला लावू नका. तिला डिझाइनच्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म भरू द्या, आणि हे यजमानांना तुम्ही स्वतः सांगा.