क्रोशाच्या ऑर्डर घ्यायच्या आधी

अगं, लोक 'किती गोड' म्हणतात त्यावर जाऊ नकोस, आधी घड्याळ लावून एक ससा विण. समज ७ तास लागले, ६०० ला गेला, लोकर, कापूस, पॅकिंगचे १८० वजा केले तर ४२० उरले, म्हणजे तासाला ६० रुपये, आणि त्यात फोटो नि 'ताई थोडं कमी करा ना' वाले मेसेज धरलेच नाहीत. मग बारशाच्या रिटर्न गिफ्टसाठी एकाच मापाचे, एकाच रंगाचे १२ ससे ठरल्या तारखेला करून बघ. (लोकर एकदमच घे, शेड नंबर तोच असला तरी लॉट बदलला की रंगात फरक दिसतो.) पाचव्या सशालाच सुई हातात धरवेना झाली तर छंदच ठेव, नाहीतर क्लास घे, तिथे तासाचे बरे सुटतात.