चार्ट प्रिंटमध्ये नीट दिसत नाही? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: टॉवेल, चादर आणि नॅपकिन अशा तीन मालांच्या विक्रीच्या रेषा एक्सेलमध्ये काढल्या, स्क्रीनवर छान दिसतात पण प्रिंटमध्ये कुठली कुठली तेच कळत नाही. – यंत्रमाग कारखान्यात अकाउंट्स बघणारे वाचक, अक्कलकोट रोड

तुमचा प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट लेझर असणार. असा प्रिंटर रंग बघत नाही, रंग किती गडद आहे तेवढंच बघतो. 2013 नंतर बरीच वर्षं एक्सेलची पहिली तीन रंगं निळा, नारिंगी आणि करडा अशी येत होती. शून्य म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा धरलं तर निळा साधारण 110 वर येतो, नारिंगी 150 वर आणि करडा 165 वर. म्हणजे निळी रेष थोडीफार वेगळी कळेल, पण नारिंगी आणि करडी यांच्यात जेमतेम 15 चा फरक राहतो आणि त्यात बँकेत द्यायला झेरॉक्स काढली की तोही गेला. तुमच्याकडे चादर आणि नॅपकिनच एकमेकांत मिसळत असणार, बघा.

म्हणून रंगावर विसंबूच नका. रेषेवर क्लिक करून `Ctrl+1` दाबा, `Line` मध्ये टॉवेलची रेष काळी आणि 2.25 पॉइंट जाड करा, चादरीची गडद करडी ठेवून `Dash type` मधून तुटक घ्या, नॅपकिनची काळीच पण बारीक ठिपक्यांची. मग खालचा लेजंड काढून टाका, कारण वाचणाऱ्याला सारखं खाली-वर बघावं लागतं आणि तुटक कुठली नि ठिपक्यांची कुठली हे तेवढ्याशा नमुन्यात कळत नाही. त्याऐवजी रेषेच्या शेवटच्या बिंदूवर दोनदा सावकाश क्लिक करा म्हणजे तेवढाच बिंदू सिलेक्ट होतो, राइट क्लिक करून `Add Data Label` घ्या, आणि लेबलच्या सेटिंगमध्ये `Series Name` ला टिक करून `Value` ची काढा. रेषेच्या टोकालाच "चादर" असं नाव येतं. नाव कापलं जात असेल तर आतला प्लॉटचा भाग उजवीकडून थोडा आत ओढा.

प्रिंटच्या आधी तपासायचं असेल तर चार्ट सिलेक्ट करून `Page Setup` उघडा, `Chart` टॅबमध्ये `Print in black and white` आहे. पण मला विचाराल तर एक पान प्रिंट काढा, त्याची झेरॉक्स काढा आणि हात लांब करून वाचा, तिथं खरं काय ते कळतं.

प्रश्न: फॉन्ट 9 ठेवलाय तरी वर्डच्या रिपोर्टमध्ये मुंगीएवढा का दिसतो?

चार्ट एक्सेलमध्ये मोठा ओढून केलाय आणि वर्डमध्ये पिक्चर म्हणून पेस्ट केलाय, म्हणून. 30 सेंटिमीटर रुंद चार्टचं चित्र 16 सेंटिमीटरमध्ये बसवलं की त्यातली अक्षरंही त्याच प्रमाणात आकसतात, 9 चा फॉन्ट पाचाच्याही खाली जातो. ए4 कागद 21 सेंटिमीटरचा, दोन्हीकडे अडीच-अडीचचं मार्जिन सोडलं की हाती 16 उरतात. तेव्हा `Format Chart Area` मध्ये `Size` ला आधीच 16 सेंटिमीटर रुंदी द्या, फॉन्ट 10 ठेवा आणि पेस्ट केल्यावर चित्र ओढू नका. मराठी लेबलं असतील तर 11 घ्या, वेलांट्या-मात्रा बारीक अक्षरात आधी जातात.

प्रश्न: काका, माझ्या कॉलम चार्टमध्ये मार्चची विक्री जानेवारीच्या अडीचपट दिसतीय, खरं तर वाढ थोडीशीच आहे. असं का?

बेटा, तुझे आकडे बघितले, जानेवारी 42 लाख, फेब्रुवारी साडेत्रेचाळीस, मार्च 45. सगळे आकडे एकमेकांच्या इतके जवळ असले की एक्सेल आपणहून अक्ष शून्यापासून सुरू करत नाही, तुझा 40 लाखांपासून सुरू झालाय. त्यामुळे जानेवारीचा खांब 2 चा आणि मार्चचा 5 चा दिसतो, वाढ मात्र सातेक टक्केच. खांबाची उंची म्हणजेच आकडा असतो, म्हणून कॉलम चार्टला शून्य हवंच: अक्षावर डबल क्लिक करून `Minimum` मध्ये 0 टाईप कर. तसं केल्यावर तिन्ही खांब सारखे वाटतील, वाटू दे, खांबांवर आकडे टाक. महिन्यागणिक चढउतारच दाखवायचा असेल तर रेषेचा चार्ट घे, तिथं 40 पासून सुरू केलं तरी चालतं, फक्त अक्षावरचे आकडे ठळक ठेव.

अक्षाच्या त्याच सेटिंगमध्ये, `Display units` मध्ये `100000` निवडलंस की 4500000 च्या जागी 45 येतं, आणि शेजारी जे लेबल येतं ते खोडून "लाख रुपये" लिही.

प्रश्न: ग्रिडलाइन ठेवायच्या का काढायच्या?

खांबांवर आकडे असतील तर काढा. नसतील तर अक्षाच्या सेटिंगमधल्या `Major` मध्ये 10 लाखांचं अंतर द्या म्हणजे चार-पाचच रेषा राहतील, आणि रंग थोडा गडद घ्या, कारण एक्सेलचा फिका करडा लेझरवर तुटक ठिपक्यांसारखा उमटतो आणि मग तुमच्या चादरीच्या तुटक रेषेशी गोंधळ होतो.