ताटं किती सांगायची?

“बाबांची पंचाहत्तरी आहे, रविवारी दुपारी दादरला हॉल घेतलाय. व्हॉट्सॲपवर निमंत्रण पाठवून पंधरा दिवस होत आले, पण निम्म्या लोकांचं ‘येतो’ नाही की ‘नाही’ नाही. परत विचारलं तर लाचार वाटेल, नाही विचारलं तर केटररला काय आकडा देऊ?”

बोलता बोलता मुलुंडच्या या ताईंनी मोबाइल माझ्यापुढे केला. रात्री लिहिलेला, पण न पाठवलेला मेसेज होता : ‘सॉरी, परत त्रास देतेय. तुम्ही बिझी असाल. पण प्लीज जमवाच हं, नाही आलात तर बाबांना फार वाईट वाटेल.’ खाली हात जोडलेले चार इमोजी.

मी त्यांना पाहुण्याच्या जागी बसून तो वाचायला सांगितलं. सुरुवातीला माफी आणि शेवटी दडपण. ज्याचं नक्की नाही, त्याला यावर ‘जमणार नाही’ लिहिणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं मन मोडणं. मग तो गप्पच बसतो.

तसंही आपल्याकडे आमंत्रणाला उलट उत्तर द्यायची रीत फारशी नाही. अक्षता घेऊन कुणी दारात आलं की ‘हो हो, येऊ की’ म्हणायचं, पंगतीत दोन पानं कमीजास्त झाली तरी निभायचं. शुभकार्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं आजही जिवावर येतं. ताईंच्या निमंत्रणातही ‘अगत्य यावे’ होतं, पण कधीपर्यंत कळवायचं ते कुठेच नव्हतं. अशा गप्प बसण्यात ‘बाबांची कुणाला पर्वा नाही’ असा अर्थ त्यांनी स्वतःच भरला होता.

मग उत्तर न आलेली नावं कागदावर घेतली. एक गोष्ट लगेच लक्षात आली. निमंत्रण त्यांनी ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवलं होतं. ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह नसतो, त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही. बाबांच्या ऑफिसमधल्या जुन्या सहकाऱ्यांकडे ताईंचा नंबर कशाला असेल? त्यांना आठवण नव्हे, निमंत्रणच नव्याने पाठवायचं होतं, आपण कुणाची मुलगी ते सांगून.

बाकीच्यांसाठी मेसेज नव्याने लिहिला, प्रत्येकाला वेगळा, नाव घेऊन : ‘काका, २२ तारखेच्या बाबांच्या पंचाहत्तरीचं निमंत्रण पाठवलं होतं. गुरुवारी केटररला ताटांचा आकडा द्यायचाय. तुमच्याकडचे किती जण धरू? मंगळवारपर्यंत कळवा. जमत नसेल तरी मोकळेपणाने सांगा, बाबांना भेटायला घरी केव्हाही या.’ यात सॉरी नाही, प्लीज नाही. विचारण्याचं कारण खरं आहे आणि ‘नाही’ म्हणायला वाट ठेवलेली आहे. आकडा गुरुवारी द्यायचा असताना मुदत मंगळवारची, कारण उरलेल्यांना फोन करायला बुधवार हाताशी हवा. हे मेसेज रात्री जेवणानंतर पाठवायला सांगितले. सकाळच्या लोकलमध्ये उभ्याने वाचलेला मेसेज ‘नंतर बघू’ म्हणून जो राहतो तो राहतोच.

बऱ्याच जणांची उत्तरं त्याच रात्री आली, त्यात नकारही होते. पनवेलच्या चुलतभावाने लिहिलं, ‘रविवारचा मेगाब्लॉक बघून सांगतो.’ हेही उत्तरच आहे. त्याला ‘शनिवारी सांग, तुझं ताट धरते’ म्हणून मोकळं करायचं.

मामांना मात्र मेसेज नकोच म्हटलं. सत्तरीपुढच्या माणसाला थेट फोन. तोही तासभर इकडचं तिकडचं बोलून शेवटी हळूच विचारायचं असा नाही, पहिल्या दोन वाक्यांतच कामाचं. मामा फोनवर म्हणाले, “अगं, मोबाइलवर सगळ्यांना टाकतात तशी पत्रिका टाकलीस. मला वाटलं, बोलवायचं म्हणून बोलावलंय.” म्हणजे ते उत्तर टाळत नव्हते, बोलावण्याची वाट बघत होते.

बुधवारच्या फोनांनंतरही काही जण गप्पच होते. तिथे मी थांबायला सांगितलं. दोनदा विचारणं अगत्य, तिसऱ्यांदा तगादा होतो असं माझं मत आहे. मग आकडा आपण ठरवायचा : घरच्या प्रत्येक कार्याला न चुकता येणारे धरायचे, बाकीचे सोडायचे, आणि ऐनवेळी किती ताटं वाढवता येतील हे केटररला आधीच स्पष्ट विचारून ठेवायचं. त्यांच्या केटररने पाच म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी कुणाचा ‘आम्ही येतोय’ असा मेसेज आलाच तर काय लिहायचं, तेही ताईंनी ठरवून ठेवलं होतं : ‘या ना, साडेबाराला पानं मांडतोय.’ तसे दोघे आले, पाचात भागलं.